सर्व्हेची पीडीएफ आली? कॅल्क्युलेटर लांब ठेवा

ग्रुपवर सर्व्हेची पीडीएफ येऊन पडली की पहिलं काम म्हणजे आपल्या माणसाची पट्टी उंच आहे का ते बघायचं. उंच असली तर लगेच स्टेटसला टाकायची, बुटकी असली तर ‘पैसे देऊन केलेला सर्व्हे’ म्हणून मोकळं व्हायचं. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात सॅम्पल किती, म्हणजे किती जणांना विचारलं, न् मार्जिन ऑफ एरर किती, म्हणजे आकडा किती इकडंतिकडं होऊ शकतो, असलं काहीतरी लिहिलेलं असतं, तिकडं अजिबात जायचं नाही. मोंढ्यात सोयाबीन घातलं की ओलावा किती धरला, कटती किती मारली, पट्टीवरचा रुपयान् रुपया आपण मोजून घेतो ते ठीक आहे, पण सर्व्हे म्हणजे काय सोयाबीन आहे का राव.

आता एक नमुना घेऊ. आकडे मीच बसवलेत, पण तुम्हाला ओळखीचे वाटतील. लातूर जिल्हा, सॅम्पल ४८०, ‘मार्जिन ऑफ एरर अधिक-उणे ३ टक्के, कॉन्फिडन्स ९५ टक्के’, म्हणजे असे शंभर सर्व्हे केले तर साधारण पंच्याण्णवांत खरा आकडा या तीनच्या आत सापडेल असा दावा. निकाल: आप्पा ३८.६, तात्या ३६.९, बाकीचे १५.२, ‘सांगता येत नाही’ ९.३. बेरीज करून बघा, बरोबर १००.० येते. बेरीज जुळली म्हणजे सर्व्हे खरा, एवढ्यावरच थांबायचं.

मुख्य म्हणजे मोबाईल आडवा धरू नका. बऱ्याच फोनमध्ये आडवा धरला की कॅल्क्युलेटरात वर्गमूळाचं बटन दिसायला लागतं आणि तिथूनच सगळा घोळ सुरू होतो. कारण मग कुणीतरी आगाऊ पोरगं ४८० चं वर्गमूळ काढतं, ते येतं २१.९, आणि ०.९८ ला त्यानं भागतं (९५ टक्के कॉन्फिडन्सला मार्जिन काढायचा हाच धोपट हिशोब, टक्केवारी पन्नासच्या आसपास धरून केलेला) आणि उत्तर येतं ०.०४४७, म्हणजे साडेचार टक्के. छापलंय तीन. तीन यायला ४८० नाही, १,०६७ माणसं लागतात, दुपटीपेक्षा जास्त. आता पीडीएफवाल्याच्या बाजूनं बोलायचं तर कॉन्फिडन्स ८० टक्क्यांचा धरला तर ४८० मध्ये तीनच्या आसपास आकडा बसतो, पण मग ९५ कामून छापलं हे विचारावं लागतं, आणि विचारलं की ग्रुपवरचे सगळे आधी तुमचीच पार्टी विचारायलेत.

एक बरं आहे की आपले लोक भांडतात ते भलत्याच गोष्टीवर. ‘आख्ख्या जिल्ह्यात ४८० माणसांना विचारून काय कळतंय?’ हे जोरात म्हणायचं, त्यानं कुणाचंच काही बिघडत नाही. जिल्हा केवढा आहे यानं मार्जिन जवळपास हलतच नाही, लातूर असो की आख्खा मराठवाडा असो, नीट चिठ्ठ्या टाकून ४८० जण निवडले तर साडेचारच येणार. म्हणजे ४८० माणसं घेतली हा गुन्हा नाहीच, ४८० घेऊन तीन छापलं हा आहे, पण हे बोलू नका.

दुसरं पथ्य, टक्क्यांची माणसं करू नका. टक्का कसा हवेत तरंगत असतो, छान दिसतो, माणूस मात्र अख्खाच असतो, त्याचा पाव करता येत नाही. ४८० चे ३८.६ टक्के केले तर १८५.२८ माणसं येतात. बरं, १८५ धरू, तर टक्का येतो ३८.५. १८६ धरू, तर ३८.८. मधला ३८.६ येतच नाही, कितीही डोकं आपटा. ‘सांगता येत नाही’चंही तेच, ४४ जण धरले तर ९.२, ४५ धरले तर ९.४, आणि छापलंय ९.३. तात्याचे १७७ आणि बाकीचे ७३ मात्र बरोबर बसतात. गंमत म्हणजे १८५, १७७, ७३ आणि ४५ मिळून बरोबर ४८० होतात, म्हणजे आप्पाला ३८.५ आणि न सांगणाऱ्यांना ९.४ छापलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. एक दशांश तिकडून उचलून इकडं कुणी ठेवला, कशाला ठेवला, देवाला माहीत.

ही युक्ती कायम चालत नाही हे सांगून ठेवतो, नाहीतर उगं कुणाच्या अंगावर जाल. हजार माणसांच्या वर सॅम्पल गेलं की एका दशांशापर्यंतचा कुठलाही टक्का जुळवता येतो, आणि दशांश न देता नुसते ३९, ३७ छापले तर ४८० मध्येसुद्धा काही पकडता येत नाही. म्हणून पीडीएफ बनवणाऱ्यांना माझा फुकटचा सल्ला, दशांश देऊ नका. पण दशांशाशिवाय आकडा शास्त्रीय वाटत नाही ना, तिथं घोडं अडतं.

तरीही कुणी आकडे घेऊन आलाच तर त्यांच्याकडं एक पक्कं उत्तर आहे, ‘आम्ही वेटेज लावलंय’. हे उत्तर चांगलं आहे, खरंसुद्धा असू शकतं. सॅम्पलमध्ये बाया कमी आल्या, एखाद्या तालुक्याची माणसं जास्त आली, तर कुणाचं उत्तर १.३ धरायचं, कुणाचं ०.८, चांगले सर्व्हेवाले हे करतातच आणि मग टक्क्यांना अख्ख्या माणसांचं बंधन राहत नाही, ३८.६ खुशाल येऊ शकतो. इथंच मान डोलवायची आणि गप बसायचं. कारण वेटेज लावलं की मार्जिन साधारणपणे वाढतं, कमी होत नाही. समजा वेटेजमुळं ४८० माणसांचं वजन ३२० जणांएवढंच राहिलं, तर मार्जिन साडेपाचवर जातं. म्हणजे दशांश वाचवायला वेटेज म्हणलं की साडेचार तर राहतच नाहीत, तीन तर लांबच, आणि वेटेज नाही म्हणलं की ३८.६ वाला माणूस कुठून आणला ते सांगावं लागतं. दोन्ही दारं एकदम बंद होतात, आणि आपल्याला पाहुण्यांना असं अडचणीत टाकायची सवय नाही. (बसस्टँडसमोरच्या हॉटेलात बसून फॉर्म भरले असतील तर तो आणखी वेगळा विषय, त्याचं मार्जिन कुठल्याच वर्गमूळात निघत नाही.)

‘आप्पा १.७ टक्क्यांनी पुढं’ या मथळ्याला तर हातच लावू नका. एकाच सर्व्हेतल्या दोघांतल्या फरकाचं मार्जिन एकेकट्याच्या मार्जिनपेक्षा बरंच मोठं असतं, कारण आप्पाकडून घसरलेला माणूस बऱ्याचदा तात्याच्याच पारड्यात पडतो. या आकड्यांवर ते ७.८ येतं. म्हणजे आप्पा साडेनवानं पुढं असू शकतो किंवा तात्या सहानं पुढं असू शकतो, एवढंच या पीडीएफला ठाऊक आहे, तेही वेटेज न धरता.

आणि मग येतं शेवटून दुसरं पान, तालुकानिहाय विश्लेषण. जळकोट, सॅम्पल २४, आप्पा ६२.७ टक्के. २४ जणांत एकेक माणूस जवळपास ४.२ टक्क्यांचा, १५ जण म्हणजे ६२.५ आणि १६ म्हणजे एकदम ६६.७, तर ६२.७ चा तो माणूस जळकोटचा तरी आहे का उदगीरहून आलाय कोण जाणे. मार्जिन निघतं वीस टक्के. पानावर मात्र खाली तेच छापलंय, अधिक-उणे ३. जळकोटचे आप्पावाले डीजे सांगायला निघालेत म्हणे, त्यांना अडवू नका, ॲडव्हान्स गेलाय.