फोनवरचं प्रिस्क्रिप्शन: चालतं, पण कितीदा?

"ऑनलाइन डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन मोबाइलवर असलं की मेडिकलवाल्याने औषध द्यायलाच पाहिजे. सही नसली तरी चालते, आणि तेच दाखवून वर्षभर औषध घेता येतं."

मी फार्मासिस्ट आहे. यातला मोबाइलचा भाग बरोबर आहे. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार डॉक्टर सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो, स्कॅन किंवा ई-प्रिस्क्रिप्शन पाठवू शकतात आणि पेशंट ते हव्या त्या दुकानात नेऊ शकतो. पण 'द्यायलाच पाहिजे' असं नाही. शेड्यूल एक्समधली, म्हणजे सर्वात कडक नियंत्रण असलेली औषधं फोनवरून तपासून लिहिताच येत नाहीत. तशी चिठ्ठी आली की मी औषध देत नाही, डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटायला सांगतो.

सही लागतेच. औषध नियमावलीच्या नियम ६५ प्रमाणे चिठ्ठीवर डॉक्टरांची सही, तारीख, पेशंटचं नाव-पत्ता, औषधाचं एकूण प्रमाण आणि डोस हवा. खाली नुसतं टाइप केलेलं नाव म्हणजे सही नव्हे. डिजिटल सही पीडीएफमध्ये तपासता येते, पण तिचा स्क्रीनशॉट काढला की उरतं फक्त चित्र. म्हणून मी मूळ फाइल मागतो, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक मेडिकल कौन्सिलच्या यादीत बघतो, आणि शंका आली तर फोन करतो.

आता वर्षभराचं. एक ताई प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या चिठ्ठीचा स्क्रीनशॉट घेऊन आल्या होत्या, ५ दिवसांचा कोर्स. वरची पट्टी कापलेली, तारीख गायब. मूळ फाइल उघडायला लावली तर ती ४ महिन्यांपूर्वीची. खोकला परत आला म्हणून त्यांनी जुनंच दाखवलं होतं. हे शेड्यूल एचचं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता न येणारं औषध आहे. अशा औषधांची चिठ्ठी, डॉक्टरांनी पुन्हा देण्याबद्दल स्वतः लिहिलं नसेल, तर एकदाच वापरायची. ती वापरून झाली होती. खोकल्याचं कारण या वेळी वेगळंही असू शकतं, म्हणून त्यांना परत तपासून घ्यायला सांगितलं.

रिपीट लिहिलेलं असेल तर अडचण नाही. समजा रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन ४०, रोज १ गोळी, ३० गोळ्या, 'दर महिन्याला, एकूण ३ वेळा' असं लिहिलंय. म्हणजे ९० गोळ्या, पण महिन्याच्या अंतराने. चौथ्या महिन्यात नवी चिठ्ठी लागणार. प्रत्येक वेळी डॉक्टरांच्या सहीच्या वर दुकानाचं नाव, पत्ता आणि तारीख टाकायची असते. फोनच्या स्क्रीनवर शिक्का कसा मारणार? म्हणून मी प्रिंट काढतो, शिक्का मारून '१/३' लिहितो आणि प्रिंट पेशंटला देतो. पुढच्या महिन्यात, दुसऱ्या दुकानात गेलात तरी, फोन नव्हे तर तो कागद दाखवा. फोनमधली फाइल कोरीच राहते, आणि ती पाहून कोणालाच कळत नाही की आधी किती गोळ्या दिल्या गेल्या.