अंगठा मोठा म्हणून बटण मोठं?

"हात मोठे असतील तर फायरचं बटण सगळ्यात मोठं करा, बाकीची खालच्या कोपऱ्यांत ढकला आणि सगळी पारदर्शक करा. स्क्रीन मोकळी होते. तरीही जमलं नाही तर टॅब घ्या, फोन तुमच्यासाठी नाही."

मोबाइलवर नेमबाजीचे गेम खेळणाऱ्यांसाठीचा हा मेसेज माझ्या मावसभावाने तंतोतंत पाळला आणि आठवड्याभरात बीजीएमआय हा गेमच सोडायच्या बेतात आला. पोरगा धायरीचा, रोज तालमीत जाणारा. अंगठा पट्टीने मोजला तर 24 मिलिमीटर रुंद. रविवारी सदाशिव पेठेत माझ्याकडे आला तो वडापाव खातखातच, आणि त्याच तेलकट बोटांनी खेळायला बसला. एरवी ओरडलो असतो, पण त्या तेलानेच काम सोपं केलं. फोन ट्यूबलाइटखाली तिरका धरला तर काचेवर अंगठ्याचा ठसा दिसला. जेमतेम 11 मिलिमीटर!

आकाराचा मुद्दा इथेच ढिला पडतो. अंगठा कितीही रुंद असला तरी काचेला टेकतो तो त्याचा छोटा भाग, आणि फोन साधारण त्या टेकलेल्या भागाचा मध्य धरतो. अँड्रॉइडच्या डिझाइनच्या नियमांत बटणासाठी किमान 48 डीपी, म्हणजे सुमारे 9 मिलिमीटर, एवढीच जागा सुचवलेली आहे. भावाने फायर 19 मिलिमीटरचं केलं होतं. त्यामुळे शेजारचं स्कोप आणि जंप आत सरकलं, आणि स्कोप दाबायला गेला की त्याचा अंगठा पार नेमाच्या खुणेपर्यंत पोहोचायचा. म्हणजे समोरचा माणूस अंगठ्याखाली. फायर 13 वर आणलं, स्कोप आणि क्राउच 10 वर. ट्रेनिंग ग्राउंडमध्ये बटण चुकायला लागलं तर एकेक मिलिमीटर वाढवायचं, एकदम नाही.

कोपऱ्याची गोष्ट अर्धी खरी आहे. झाकलं जातं ते बटण नाही. अंगठा जिथून आत शिरतो तिथपासून टोकापर्यंतचा सगळा पट्टा झाकला जातो, त्यामुळे बटण कडेजवळ असलेलं बरंच. पण मोठ्या हाताच्या अंगठ्याखालचा मांसल उंचवटा फोनच्या त्याच खालच्या कोपऱ्यावर बसतो. तिथलं बटण दाबायला अंगठा दुमडावा लागतो, आणि दुमडला की उंचवटाही काचेला लागतो. मग मध्येच गेममधला कॅमेरा, म्हणजे समोरचं दृश्य, गरकन फिरतो आणि माणूस सेन्सिटिव्हिटीला शिव्या घालत बसतो.

हे तपासता येतं. फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये Pointer location चालू करा. वर डाव्या कोपऱ्यात P: 1 / 1 असं काहीतरी दिसतं. एकाच अंगठ्याने बटण दाबताना दुसरा आकडा 2 झाला, तर तळहात टेकतोय. भावाचा कोपऱ्यातल्या बटणावर दर दोन-तीन वेळांत एकदा 2 होत होता. बटण उजव्या कडेपासून 2 सेंटिमीटर आणि तळापासून 2.5 सेंटिमीटर वर नेलं, तेव्हा थांबला.

एवढं करूनही नेम धरताना अंगठा आत सरकतोच, कारण बीजीएमआयमध्ये फायर दाबून ओढलं की कॅमेराही फिरतो. एकाच अंगठ्यावर दोन कामं. मेसेजमध्ये याचा पत्ताच नाही. आम्ही डावं फायर बटण चालू केलं आणि डाव्या तर्जनीसाठी वर डाव्या कोपऱ्याजवळ ठेवलं. तर्जनी वरून येते, त्यामुळे झाकतो तो फक्त वरचा कोपरा, जिथे सहसा आभाळच असतं. उजवा अंगठा फक्त नेमासाठी उरला. नेमासाठीचा स्पर्श उजव्या बाजूला मोकळ्या जागेत कुठूनही सुरू करता येतो, म्हणून तो कडेजवळच टेकवायचा आणि छोट्या छोट्या ओढींनी फिरवायचं.

"दादा, बोट अवघडतंय," तिसऱ्या दिवशी फोन. अवघडणारच. फोनचा भार अजून तर्जनीवर होता. तो मधल्या बोटावर घ्यायला सांगितला.

पारदर्शकतेबद्दल काय बोलायचं? बटण पारदर्शक होतं, अंगठा नाही. उलट फार फिकट केलं की हात बसेपर्यंत बटण शोधायला नजर खाली जाते.

टॅबचं म्हणणं मात्र चूक नाही. अंगठा तोच, स्क्रीन मोठी, म्हणजे झाकलेला वाटा कमीच. पण 6.5 इंची फोन आडवा धरला तर साधारण 15 सेंटिमीटर लांब असतो, नेमाची खूण कडेपासून साडेसात सेंटिमीटरवर. बटण 2 सेंटिमीटरवर असेल तर मध्ये पुरेशी जागा उरते. त्यासाठी वीस-पंचवीस हजार मोजायची गरज नाही.

आता भावाला चार बोटांनी खेळायचंय, म्हणजे उजवी तर्जनीही वर. मी नको म्हणालो. मिनीमॅप तिथेच असतो, आणि त्याची तर्जनीही काही बारीक नाही.