न बोलणं म्हणजे दुरावाच असतो का?

"मुलगा घरात काहीच सांगत नाही, याचा अर्थ त्याचा आमच्यावर विश्वास नाही असाच ना?"

तसाच अर्थ असेल असं नाही. 'मी' म्हणजे स्वतंत्र व्यक्ती असं मानणाऱ्याला भावना बोलून दाखवणं म्हणजे आपलं खरं रूप दाखवणं वाटतं, म्हणून गप्प बसणं हा दुरावा ठरतो. 'मी' म्हणजे या घरातला एक, असं मानणाऱ्याची नोकरी गेली की त्याला आधी दिसते ती आईची उडालेली झोप. सांगणं म्हणजे आपलं ओझं तिच्या डोक्यावर ठेवणं, असं त्याला वाटतं. त्याचं गप्प राहणं ही काळजीच असते.

मानसशास्त्रज्ञ शेली टेलर आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये हे तपासलं. तणावाच्या कामाआधी काहींनी जवळच्या माणसांकडे मदत मागणारं पत्र लिहिलं, काहींनी जवळच्या माणसांबद्दल नुसतं लिहिलं. आशियाई वंशाच्या सहभागींवर मदत मागितल्यावर ताण जास्त आला. युरोपीय वंशाच्या अमेरिकनांमध्ये नेमकं उलट. अर्थात ही सरासरी आहे, आणि एकाच माणसात दोन्ही 'मी' असतात.

म्हणून तो काय बोलतो यापेक्षा कसा वागतो ते बघा. काही न सांगताही तो तुमच्याजवळ येऊन बसत असेल, तर नातं शाबूत आहे. तुम्ही खोलीत आलात की तो उठून जात असेल, जेवणाच्या वेळा चुकवत असेल, तर मात्र ती काळजी नव्हे, एकटेपण आहे. तिथे "बोल ना" म्हणून खोदून विचारू नका. रोज थोडा वेळ त्याच्यासोबत एखादं काम करा.