शॉर्टचे लाख आणि व्हिडिओचे चार हजार

“व्ह्यू म्हणजे बघणारा माणूस. 30 सेकंद बघितलं की एक व्ह्यू, हा नियम सगळीकडे सारखाच. तरी माझ्या शॉर्टला लाखभर आणि मोठ्या व्हिडिओला जेमतेम चार हजार, कारण यूट्यूब मोठ्या व्हिडिओंचे व्ह्यू दाबतं,” अशी यूट्यूबवर व्हिडिओ टाकणाऱ्या एकाची तक्रार.

आधी 30 सेकंदांचं बघू. आकडा खरा आहे, पण तो जाहिरातींचा. ‘स्किप’ करता येणारी जाहिरात कुणी 30 सेकंद (जाहिरात त्याहून छोटी असेल तर पूर्ण) पाहिली किंवा तिच्यावर क्लिक केलं, की जाहिरातदाराच्या खात्यात एक व्ह्यू पडतो. साध्या मोठ्या व्हिडिओसाठी यूट्यूबने सेकंदांची अशी कुठलीही अट जाहीर केलेली नाही. माणसाने स्वतःहून व्हिडिओ लावलेला असावा, एवढंच ते सांगतात, आणि बॉटची मोजणी गाळून टाकतात. म्हणून नव्या व्हिडिओचा आकडा कधी अडकतो, कधी चक्क घटतो.

शॉर्टचं गणित 31 मार्च 2025 पासून बदललं. आता शॉर्ट सुरू झाला की व्ह्यू, संपून पुन्हा सुरू झाला की आणखी एक. किमान वेळेची अटच नाही. इन्स्टाग्राम रील्सही सुरुवात आणि पुनरावृत्ती दोन्ही मोजतं.

समजा, तुमचा 12 सेकंदांचा व्हिडिओ 100 जणांसमोर आला. 40 जणांनी सेकंदभरात वर सरकवला. 60 जणांनी पूर्ण पाहिला, आणि त्यातल्या 20 जणांचा मोबाइल हातात तसाच राहिल्याने तो आणखी दोनदा फिरला. शॉर्टचे व्ह्यू झाले 100 अधिक 40, म्हणजे 140. फेसबुकच्या जाहिरात अहवालातल्या 3 सेकंदांच्या मापाने हेच मोजलं तर 60, कारण तिथे पुन्हा फिरलेला वेळ धरत नाहीत. माणसं मात्र दोन्हीकडे तीच 100.

राहिला ‘दाबण्या’चा आरोप. शॉर्ट बोट सरकवताच आपोआप सुरू होतो. मोठ्या व्हिडिओसाठी थंबनेल बघून क्लिक करावं लागतं. एकीकडे दुकानासमोरून जाणारे मोजायचे, दुसरीकडे आत येऊन भाव विचारणारे, आणि मग दुकानदारालाच लबाड म्हणायचं!

यूट्यूब स्वतःही ‘नुसता सुरू झाला’ आणि ‘खरंच बघितला’ यांची गल्लत करत नाही. शॉर्टची जुनी मोजणी आता Engaged views या नावाने यूट्यूब स्टुडिओच्या अॅनालिटिक्समध्ये दिसते. जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा हवा असेल तर 1000 सबस्क्रायबर आणि 90 दिवसांत शॉर्ट्सचे 1 कोटी वैध व्ह्यू लागतात (किंवा वर्षभरात मोठ्या व्हिडिओंचे 4000 तास), आणि त्या कोटीत हाच जुना, कडक आकडा धरला जातो. म्हणून बाहेर सव्वा कोटी दिसत असूनही पात्रतेची पट्टी अर्धवट राहू शकते. तक्रार करण्याआधी Engaged views चा रकाना उघडून बघा.