अंधार झाला म्हणजे खोली गार झाली असं नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन अडवायला पडदा घ्यावा की रोलर शेड, या माझ्या लेखावर आलेली वाचकाची प्रतिक्रिया: "लेख वाचला. अंधार केला की ऊन थांबतं आणि हॉल गार राहतो, एवढी साधी गोष्ट आहे. जाड, गडद पडदा लावा, विषय संपला. तुम्ही मात्र पाठीचा रंग, फटी असलं काहीबाही लिहून लोकांना रोलर शेड घ्यायला लावताय. कमिशन मिळतं का? व्हेनेशियन ब्लाइंड्सची चार ओळींत बोळवण केलीत आणि पडदे धुण्याबद्दल एक अक्षर नाही. अभ्यास कमी पडला."

आधी कमिशनचं बोलू. मला या लेखासाठी कुणीही छदाम दिलेला नाही. कुठल्याही कंपनीचं नाव लेखात नाही, दुकानाचा पत्ता नाही. ज्या परिच्छेदात रोलर शेडची बाजू मांडली, त्याच्याच पुढच्या परिच्छेदात अस्तराच्या पडद्याची मांडली आहे. तुम्ही बहुधा पहिल्यावरच थांबलात. मत पटलं नाही तर तसं सांगा, त्याचं मला काहीच वाटत नाही. पण ज्याला आपण ओळखत नाही त्याच्या सचोटीवर एका शब्दात शिंतोडे उडवायचे आणि पुढे जायचं, ही चर्चेची रीत नव्हे.

अभ्यासाचं म्हणाल, तर माझी आई पडदे शिवायची. अस्तर कापून द्यायचं काम शाळेत असल्यापासून माझ्याकडे होतं. पुढे मी स्वतः लोकांच्या खिडक्यांची मापं घेतली, पडदे, पट्ट्यांचे ब्लाइंड्स आणि शेड, तिन्ही बसवले. भर दुपारी पश्चिमेच्या खिडकीशी शिडीवर चढलं की रॉडच्या पातळीला हवा किती तापलेली असते ते चेहऱ्यालाच कळतं. ते पुस्तकातून आलेलं ज्ञान नाही.

आता तुमचं अंधाराचं वाक्य. ते वरवर बरोबर वाटतं, म्हणूनच त्याला सविस्तर उत्तर देणं भाग आहे. उन्हातली जवळपास निम्मी ऊर्जा डोळ्याला दिसतच नाही. त्यामुळे खोली किती अंधारली यावरून ती किती तापणार हे ठरत नाही. आणि जो उजेड दिसतो, तो गडद कापडाने अडवला तरी नाहीसा होत नाही. कापड तो शोषून घेतं आणि स्वतः तापतं. काच ऊन सहज आत येऊ देते, पण तापलेल्या कापडातून निघणारी उष्णता त्याच वाटेने बाहेर सोडत नाही. पडदा काचेच्या आतल्या बाजूला असल्यामुळे ती उष्णता बरीचशी तुमच्या हॉलमध्येच राहते.

एक खिडकी धरून हिशेब मांडते. पश्चिमेची, दोन चौरस मीटरची, एकेरी साध्या काचेची. निरभ्र दुपारी चारच्या सुमारास अशा उभ्या काचेवर दर चौरस मीटरला 600 वॉटच्या आसपास ऊन पडतं, म्हणजे सगळं मिळून 1200. त्यातलं साधारण 1000 वॉट आत येतं, म्हणजे खिडकीशी एक हीटर लावून ठेवल्यासारखं. तिथे तुमचा जाड गडद पडदा असेल तर तो जेमतेम शंभरेक वॉट परत फेकेल आणि उरलेले 900 स्वतः पिऊन घेईल. आता त्याच पडद्याच्या काचेकडच्या अंगाला पांढरं, घट्ट विणीचं अस्तर लावा. ते 600 ते 650 वॉट उजेडाच्याच रूपात परतवतं, आणि काच त्यातलं 500 च्या आसपास बाहेर जाऊ देते. खोलीच्या बाजूचा रंग तोच गडद, अंधारही तेवढाच. फरक फक्त पाठीचा. ज्याला तुम्ही "काहीबाही" म्हणालात, ते हेच.

पूर्ण गारवा कुणीच देत नाही, आणि तसा दावा मी लेखात कुठेही केलेला नाही. मध्यम रंगाच्या, पांढरी प्लास्टिकची पाठ असलेल्या पडद्याने आत येणारी उष्णता 33 टक्क्यांपर्यंत कमी होते, असं अमेरिकेचं ऊर्जा खातं सांगतं. तेच खातं पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून लावलेल्या कापडी छताचा आकडा 77 टक्क्यांपर्यंत देतं. ऊन काचेच्या बाहेरच अडवलं तर तापलेलं कापडही बाहेरच राहतं, म्हणून एवढं अंतर. ज्यांना बाहेरून काही लावणं शक्य असेल त्यांनी आतल्या वस्तूंवर पैसे घालण्याआधी तो विचार करावा.

फटींचंही तसंच. काच आणि पडदा यांच्यामधली हवा तापते, वर चढते, रॉडच्या वरच्या फटीतून खोलीत शिरते आणि खालून खोलीतली हवा तिच्या जागी ओढली जाते. दुपारभर हे चक्र चालू राहतं. तुमचा पडदा लावलेला असताना वरच्या फटीशी टिश्यू पेपरची पट्टी धरून बघा. ती खोलीच्या दिशेने हलली तर उष्णता तिथूनच येते आहे. वर रॉड झाकणारी पेटी म्हणजे पेलमेट, बाजूला पडदा भिंतीपर्यंत वळवलेला आणि खाली जमिनीला टेकलेला असेल, तर ही वाट बरीच बंद होते. इथे पडदा रोलर शेडपेक्षा सरस आहे, आणि हे मी मूळ लेखातही लिहिलं होतं. रोलर शेडचं कापड नळीच्या दोन्ही टोकांना असलेल्या ब्रॅकेटमुळे चौकटीपेक्षा थोडं अरुंद राहतं. शेड खिडकीच्या खाचेच्या आत बसवली तर दोन्ही कडांना दीडदोन सेंटिमीटरची उन्हाची पट्टी राहतेच. ती टाळायची तर शेड खाचेबाहेर, भिंतीवर बसवावी आणि प्रत्येक बाजूला सातआठ सेंटिमीटर जास्त रुंद घ्यावी. रोलर शेडची खरी जमेची बाजू म्हणजे काचेसमोर ताणलेलं सपाट कापड आणि हवी तशी पांढरी किंवा चंदेरी पाठ. ही पाठ न बघता नुसती खोलीकडची छटा बघून घेतली तर ती तुमच्या गडद पडद्याइतकीच निरुपयोगी ठरते.

व्हेनेशियन ब्लाइंड्सना मी कमी जागा दिली, कारण पश्चिमेला त्यांचं म्हणावं तसं जमत नाही. सूर्य वर असतो तेव्हा पट्ट्या तिरक्या ठेवून ऊन अडवता येतं आणि उजेडही मिळतो. पण संध्याकाळकडे किरण जवळजवळ आडवे येतात आणि पट्ट्या पूर्ण मिटाव्याच लागतात. मग त्या घेण्याचं मुख्य कारणच उरत नाही. यावर अधिक लिहावं असं मला आजही वाटत नाही.

धुण्याचा मुद्दा मात्र रास्त आहे, तो लेखात यायला हवा होता. पाठीला लेप दिलेलं कापड मशीनमध्ये पिळलं किंवा गरम इस्त्री फिरवली की लेपाला भेगा पडतात आणि तो सोलवटतो. उजेडासमोर धरलं की त्या भेगा सुईच्या टोकाएवढ्या ठिपक्यांसारख्या चमकतात. म्हणून अस्तर पडद्याला शिवून न टाकता हुकांवर वेगळं लटकवून घ्यावं, म्हणजे ते काढून निराळं धुता येतं. रोलर शेड धुवायची नसते, ओल्या फडक्याने पुसायची.

आणि पडदा असो वा शेड, ऊन काचेच्या कडेला लागायच्या आधी ओढा. सोफा आणि फरशी तापल्यावर चार वाजता ओढलात तर आत साठलेली उष्णता कुठलंही कापड बाहेर काढू शकत नाही. तुमच्या गडद पडद्याच्या मागे एखादी पांढरी चादर टाचून दोन दुपारी बघा, मग पुन्हा लिहा. चुकीचं आढळलं तर जरूर सांगा, फक्त कमिशनचा आरोप तेवढा मागे घ्या.