म्हणे ‘निरर्थक मजकूर’!

आमच्या ऑफिसात तक्रारींच्या एन्ट्र्या तपासताना स्क्रीनच्या कोपऱ्यात एक बटण असतं. ‘निरर्थक मजकूर’. ते ज्याच्या डोक्यातून निघालं त्याला कोपरापासून नमस्कार, आणि दिवसभर ते दाबत बसणाऱ्यांना साष्टांग दंडवत. वाचता आलं नाही? दाब बटण. लिपी ओळखीची वाटेना? दाब बटण. जेवायची सुट्टी जवळ आली आणि बॅच अजून पडून आहे? मग तर दाबच. बटण दाबलं की तक्रार बंद आणि आमचं टार्गेट पूर्ण. तिकडे ज्याच्या नळाला पाणी नाही, तो मोबाइलकडे बघत बसतो.

परवा आलेल्या बॅचमध्ये गोव्याकडच्या एन्ट्र्या होत्या. त्यातली ही एक बघा. पत्ता, वाड्याचं नाव वगैरे मी काढून टाकलंय.

```
Amchea vaddear tin dis zale udok ieunk na.
Panchaitik sanglem punn konn ieunk na.
Amkam udok zai.
```

याच्यावर शेरा काय, तर निरर्थक! वर शेजारच्या टेबलावरून ज्ञानदान: “अरे, कुणाच्या तरी पोराने फोन खेळायला घेतला असेल.” अरे बाबा, पोराने फोन खेळायला घेतल्यावर तो पूर्णविराम देतो का? तेही तीनदा, आणि प्रत्येक वेळी पुढचं वाक्य कॅपिटलने सुरू करून?

ही रोमन लिपीतली कोंकणी आहे. रोमी म्हणतात तिला. मी गोव्याचा नाही, मलाही बोलता येत नाही. पण एखादी गोष्ट आपल्याला कळत नाही आणि तिला अर्थच नाही, यातला फरक कळायला भाषा यावी लागत नाही. थोडा वेळ नुसतं बघावं लागतं. तेवढंच कुणाला जमत नाही.

आधी शब्द परत येतात का ते बघा. सतरा शब्दांच्या मजकुरात `udok` दोनदा आलाय. `ieunk na` ही जोडी दोनदा आलीय, आणि दोन्ही वेळा वाक्याच्या शेवटी. उगाच बटणं बडवणारा माणूस तीच जोडी बरोबर वाक्याच्या शेवटी पुन्हा कशाला आणून ठेवेल? पहिला शब्द `Amchea`, पुढे `Amkam`. सुरुवात सारखी, शेपूट वेगळं. आमच्या, आम्हांला. विभक्ती लागतेय हो तिथे! शाळेत आठ विभक्त्या घोकून आलेली माणसं आहात ना तुम्ही? शिवाय दोन अक्षरांच्या `na` पासून दहा अक्षरांच्या `Panchaitik` पर्यंत शब्द लहानमोठे आहेत. कुठलीही भाषा अशीच दिसते. छोटे शब्द सारखे डोकावतात, लांब शब्द मधूनच येतात.

आणि एवढंही नको असेल तर तोंडाने म्हणून बघा. तीन दिस झाले, उदक येऊंक ना. पंचायतीक सांगलें. मराठी माणसाला याचा अर्थ लागत नाही? उदक म्हणजे काय हे विचारायला सत्यनारायणाचे गुरुजी हवेत का आता?

ज्यांचा डोळ्यांवर विश्वास नाही त्यांच्यासाठी हिशेबही आहे. विल्यम फ्रीडमन नावाच्या अमेरिकन सांकेतिक लिपीतज्ज्ञाने तो १९२०च्या दशकात मांडला. मजकुरातली कुठलीही दोन अक्षरं डोळे मिटून उचलायची आणि ती सारखी निघण्याची शक्यता किती ते बघायचं. सव्वीस अक्षरं चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखी आली असतील तर ही शक्यता सव्विसात एक, म्हणजे जेमतेम ३.८ टक्के. इंग्रजीत ती साडेसहा-पावणेसातच्या आसपास येते, कारण भाषेत काही अक्षरं सारखी लागतात आणि काही कोपऱ्यात पडून असतात. वरच्या तक्रारीत ७८ अक्षरं आहेत. मी बसून मोजली, ऑफिसच्या वेळेत मोजली, काय करायचंय ते करा. a तेरा वेळा, n अकरा वेळा, आणि b, f, j, q, w, x, y ही सात अक्षरं एकदाही नाहीत. शक्यता निघते साडेसात टक्के. चिठ्ठ्यांनी ७८ अक्षरं काढली असती तर प्रत्येक अक्षर तीनेक वेळा आलं असतं आणि गैरहजर राहिलं असतं एखाददुसरंच.

आता शहाणे लोक म्हणतील की झालं तर मग, हा आकडा सॉफ्टवेअरमध्ये घाला. नुसता आकडा घालून चालत नाही, कारण माणूस कीबोर्ड बडवतो तेव्हा ते चिठ्ठ्या काढल्यासारखं नसतंच. आम्हांला खरा कचराही येतो, नाही असं नाही. तो असा दिसतो:

```
asdkjfh askdjfh lkasjdhf kjashd
```

यातही तीच ती अक्षरं परत परत येतात, त्यामुळे फ्रीडमनचा आकडा इथे वरच जाणार. पण बोटं कुठे आहेत ते बघा. सगळी मधल्या ओळीवर. त्या ओळीत स्वर एकच, a. बाकीचे e, i, o, u वरच्या ओळीत, तिकडे बोट गेलेलंच नाही. तेच गाठोडं थोडं हलवून पुन्हा टाकलंय, तरी एक शब्द जसाच्या तसा परत आलेला नाही. दोन अक्षरी शब्द नाही, विराम नाही. याला म्हणा खुशाल कचरा, माझी ना नाही.

पण आमच्याकडे नियम कसला लावलाय? लागोपाठ पाच व्यंजनं आली की लाल रंग. हा नियम करणाऱ्याच्या लेखी जगात इंग्रजी सोडून भाषाच नाही. चेक भाषेत `Strč prst skrz krk` हे अख्खं वाक्य आहे, ‘घशात बोट घाल’ अशा अर्थाचं, आणि त्यात स्वराचं एकही अक्षर नाही. तिथे r स्वराचं काम करतो. बरं, चेक लोक आमच्याकडे तक्रार करायला येणार नाहीत. पण आपल्याच घरातून हेही येतं, आणि ते त्या नियमात अडकलं नाही तरी बटण दाबून बंद होतं:

```
vkeP;k xkokr ik.kh ukgh
```

हे निरर्थक? ही कृती देव फॉन्टमधली शुद्ध मराठी आहे: ‘आमच्या गावात पाणी नाही’. जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांवरच देवनागरीचे आकार चढवलेले असत. फॉन्ट असेपर्यंत मराठी दिसतं, मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की आतली इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. गावच्या टायपिंगवाल्याकडे पन्नास रुपये मोजून, नीट ‘महोदय’ वगैरे घालून केलेला अर्ज असतो तो. आणि आम्ही त्यावर बटण दाबतो.

ओळखायला काय अवघड आहे? वीस खुणांच्या त्या ओळीत k सात वेळा आहे, कारण काना k वर बसतो आणि कान्याशिवाय आपलं पान हलत नाही. शब्दाच्या पोटात अर्धविराम आणि पूर्णविराम घुसलेत, कारण तिथे ते विराम नाहीतच. `;` म्हणजे य, आणि `.k` म्हणजे ण. मजकूर मोठा असेल तर f कडे बघा. तो शब्दाच्या शेवटी कधी सापडणार नाही, कारण ती पहिली वेलांटी आहे आणि टाइप करताना ती अक्षराच्या आधी येते. `fnukad` दिसलं की समजायचं, दिनांक. खात्री करायची तर वर्डमध्ये चिकटवून फॉन्ट कृती देव करा, लगेच कळतं. आणि `à¤ªà¤¾à¤£à¥€` असलं काही दिसलं तर तेही पाणीच आहे, फक्त युनिकोडची बाइट्स चुकीच्या तक्त्याने वाचली गेलीत. दर अक्षरापाशी `à¤` किंवा `à¥` येतंय एवढं तरी दिसायला हवं की नाही? नुसते चौकोन दिसले तर दोष तुमच्या मशीनचा, तिथे फॉन्ट नाही. लिहिणाऱ्याने काय घोडं मारलंय तुमचं?

सुपरवायझरांचं उत्तर ठरलेलं: “भाषा ओळखणारं सॉफ्टवेअर लावलंय ना आपण, ते सांगतं.” ते काय सांगतं? त्याला जेवढ्या भाषा शिकवल्या तेवढ्यांतलीच एक ते सांगतं. यादीत रोमी कोंकणी नसेल, मेळघाटातली कोरकू नसेल, तर ते भलत्याच भाषेचं नाव घेणार, खात्री कमी दाखवणार, आणि खात्री कमी म्हणजे आमच्या भाषेत कचरा. यंत्राला भाषा माहीत नाही याची शिक्षा बोलणाऱ्याला! ज्या रोमीत १८९२ पासून तियात्र नावाची नाटकं होतायत, आणि पहिलं तर आपल्या मुंबईतच झालं, तिला हे पोरखेळ म्हणणार. फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण १६१६ साली छापलं तेही रोमन अक्षरांतच, आणि भाषा मराठी. ते आज आमच्या फॉर्ममध्ये टाकलं तर दुपारपर्यंत बंद होईल.

आता हेही खरं की दरवेळी नक्की सांगता येत नाही. कुणी नुसतं `zai` एवढंच लिहिलं तर तीन अक्षरांवरून मी काय, फ्रीडमनही काही सांगू शकला नसता. मीटर नंबर, पावती क्रमांक, पासवर्ड हे भाषेसारखे दिसत नाहीत, पण निरर्थकही नसतात. आणि भाषेची नक्कल करून बडबड लिहिणारा मुद्दाम बसला तर वरच्या सगळ्या चाचण्या तो पास होईल. म्हणून तर ‘निरर्थक’ हा शेरा सगळ्यात शेवटी यायला हवा. आमच्याकडे तो पहिला येतो.

मी मागितलं काय होतं? एक जास्तीचं बटण. ‘भाषा ओळखता आली नाही’. ते दाबलं की तक्रार उघडीच राहील आणि त्या भागातल्या माणसाकडे जाईल. गोव्याच्या एन्ट्र्यांसाठी एक कोंकणी जाणणारा पुरे, दिवसाचं अर्ध्या तासाचं काम आहे. दोन मीटिंगा झाल्या, चहा झाला, आणि वरून निरोप आला की क्लायंटच्या फॉरमॅटमध्ये तसा कॉलम नाही, शिवाय त्याने पेंडिंग वाढलेलं दिसेल.

पाण्याची ती तक्रार मी पुन्हा उघडून देवनागरीत लिहून पाठवलीय. त्याबद्दल ‘एन्ट्रीत परस्पर बदल केला’ म्हणून मला मेमो आलाय. तो मेमो इंग्रजीत आहे, आणि त्यात स्पेलिंगच्या इतक्या चुका आहेत की आमच्याच सॉफ्टवेअरमधून तो पास होणार नाही.