तिसरा थर

पुस्तकातल्या आकृतीत सेपरेटरी फनेलमध्ये दोनच थर असतात. वर पाणी, खाली सॉल्व्हंट, मध्ये पट्टीनं आखल्यासारखी रेघ. माझ्या फनेलमध्ये नेहमी तिसरा असतो. तो फेसाळ, तपकिरी आणि अत्यंत आरामात बसलेला असतो. आज चहाच्या पत्तीतून कॅफीन काढताना त्यानं अर्धं फनेल व्यापलं होतं.

हा तिसरा थर म्हणजे इमल्शन, एकमेकांत अडकून बसलेले पाण्याचे आणि सॉल्व्हंटचे थेंब. ते दिसलं की प्रयोगशाळेत वैद्यांची गर्दी होते. "मीठ टाक," एक म्हणाला. "जोरात हलव, फुटेल," दुसरा म्हणाला. हा दुसरा इतक्या आत्मविश्वासानं बोलतो, की त्याचं ऐकून बिघडलेल्या प्रयोगांचीच एक वेगळी वही निघेल. इमल्शन होतं तेच मुळी जोरात हलवल्यानं. त्यातून पत्तीत टॅनिन असतं. उकळताना आपण सोडियम कार्बोनेट घालतो, त्यानं टॅनिनचं क्षार बनतं आणि ते डायक्लोरोमेथेनमध्ये, म्हणजे आपल्या सॉल्व्हंटमध्ये, न जाता पाण्यात राहतं. इथवर उत्तम. पण हेच क्षार साबणासारखं वागतं. सॉल्व्हंटच्या प्रत्येक थेंबावर त्याचा लेप बसतो, आणि थेंब शेजारच्या थेंबात मिसळायला साफ नकार देतो. जितकं हलवावं तितके थेंब बारीक आणि तितका नकार ठाम.

म्हणून चहाच्या बाबतीत फनेल हलवायचं नसतं, सावकाश उलटंसुलटं करायचं असतं, मिनिटभर घोळवायचं असतं आणि मधूनमधून वाफ सोडायची असते. हे सगळं फ्यूम हूडमध्ये. हे आमच्या मॅडम दर वेळी सांगतात, आणि दर वेळी कुणीतरी स्नायू दाखवायला पुढे येतोच.

आता मिठाचा सल्ला. तो चुकीचा नाही, अर्धा आहे. मिठानं लेप कमजोर होतो आणि पाण्यातलं सेंद्रिय द्रव्य बाहेर ढकललं जातं. पण डायक्लोरोमेथेनची घनता १.३३, साध्या पाण्याची १.०, आणि मिठानं तुडुंब भरलेल्या पाण्याची १.२ च्या आसपास. म्हणजे मीठ जितकं जास्त, तितकी दोन थरांमधली तफावत कमी. सॉल्व्हंट म्हणून एथिल ॲसिटेट असतं, ०.९ घनतेचं, वर तरंगणारं, तर मीठ दोन्ही बाजूंनी उपयोगी पडलं असतं. इथे मात्र चिमूटभर घालून थांबायचं, पोतं ओतायचं नाही.

मग एथिल ॲसिटेटच का नाही वापरत? मीही विचारलं. कॅफीन त्यात डायक्लोरोमेथेनइतकं आनंदानं विरघळत नाही. शिवाय आपलं पाणी अल्कधर्मी, त्यात हे एस्टर हळूहळू तुटत राहतं. वर ते स्वतःच्या पोटात सुमारे तीन टक्के पाणी साठवून घेतं, डायक्लोरोमेथेन जेमतेम ०.२ टक्के. त्याची फळं पुढे वाळवताना भोगावी लागतात.

मॅडम आल्या. त्यांनी फनेलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, खालचं स्वच्छ आहे तेवढं आधी काढून घे ना. हाव कशाला?" तेवढं काढलं. उरलेल्या फेसात आणखी थोडं डायक्लोरोमेथेन घालून हलकेच घोळवलं, मग सगळं ग्लास वूलच्या बोळ्यावरच्या सेलाइट या गाळायच्या भुकटीच्या थरातून सावकाश गाळलं. फेसात पत्तीचे बारीक कणही असतात आणि तेही थेंबांना धरून ठेवतात. गाळण्यात ते अडकले, आणि गाळलेल्या द्रवात खाली थर उतरू लागला. ज्यानं जोरात हलवायला सांगितलं होतं, तो म्हणाला, "बघ, मी म्हटलंच होतं."

वाळवायला सोडियम सल्फेट घेतलं. मॅग्नेशियम सल्फेट वेगवान असतं, पण पिठासारखं बारीक आणि किंचित आम्लधर्मी. कॅल्शियम क्लोराइड अमाइनशी आणि अल्कोहोलशी सलगी करतं, म्हणून त्याला मी फारसं विचारतच नाही. सोडियम सल्फेट सुस्त आहे, पण डायक्लोरोमेथेनमधलं पाणीच थोडं, त्यामुळे इथे सुस्ती चालते. पहिली चमचाभर भुकटी तळाशी गोळा होऊन बसली, म्हणजे पाणी अजून आहे. आणखी घातली, तेव्हा फ्लास्क फिरवल्यावर दाणे मोकळे उडू लागले आणि गढूळपणा गेला. पंधरा मिनिटं थांबले. मघाचाच सल्लागार फ्लास्क गरम पाण्यात धरायला निघाला होता, "लवकर होईल" म्हणून. सोडियम सल्फेट ३२ अंशांच्या वर गेलं, की पकडलेलं पाणी सोडून देतं, हे सांगितल्यावर तो शांत झाला. चाळीस अंशांना डायक्लोरोमेथेनच उकळतं, हे ऐकून हात मागे घेतला.

गाळून भुकटी थोड्या ताज्या डायक्लोरोमेथेननं धुतली, कारण तिच्यावर चिकटलेलं कॅफीनही आपलंच असतं. सॉल्व्हंट उडवल्यावर फ्लास्कच्या तळाशी हिरवट पांढरा थर उरला. हिरवा भाग पत्तीच्या रंगद्रव्याचा, तो पुनःस्फटिकीकरणात जाईल. सेलाइटवर अडकलेला फेस हॅलोजनयुक्त घन कचऱ्याच्या डब्यात गेला. तिथेही तो शेवटपर्यंत फेसच राहिला, हट्टी मेला.